डिपॉझिट परत आलं, पण किती यायला हवं होतं?

भाड्याचं घर सोडलं की दोन-तीन आठवड्यांनी मालकाचा मेसेज येतो. ‘पेंटिंग १२०००, क्लीनिंग ३०००, लाइट बिल २१५०, गीझर २४००, नोटीस कमी दिली त्याचे ४०००. बाकीचे ट्रान्सफर केलेत, बघून घ्या.’ भाडेकरू बँकेचं ॲप उघडतो. खात्यात ४६,४५० रुपये जमा झालेले दिसतात. दिलेलं डिपॉझिट होतं ७५,०००. रक्कम कमी आली आहे असं मन सांगत असतं, पण किती कमी आणि कशामुळे, हे त्याला नेमकं सांगता येत नाही. मग एकतर तो गप्प बसतो, नाहीतर फोनवर रंगाच्या खर्चावरून भांडण करतो. दोन्हींमुळे पैसे परत येत नाहीत.

वरचे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. घर पुण्यात कोथरूडला, दोन बेडरूमचं. भाडं महिना २४,००० रुपये. राहणारे नवरा-बायको आणि एक लहान मूल. अकरा महिन्यांचा करार, एकदा नूतनीकरण झालेला. ३० जूनला त्यांनी घर सोडलं. उदाहरण रचलेलं असलं तरी यातली प्रत्येक वजावट पुण्या-मुंबईत घर सोडणाऱ्या बहुतेकांना ओळखीची वाटेल. हा एकच हिशोब शेवटपर्यंत सोडवून पाहू.

या हिशोबात तीन वेगळे आकडे आहेत आणि सगळा घोळ ते एकमेकांत मिसळल्यामुळे होतो. पहिला आकडा करारानुसार परत यायला हव्या असलेल्या रकमेचा. दुसरा, मालकाने वजावट सांगितल्यावर उरणाऱ्या रकमेचा. तिसरा, खात्यात प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेचा. आधी तिसरा दुसऱ्याशी ताडून पाहायचा, कारण तिथे वादाला जागाच नसते, ती निव्वळ बेरीज-वजाबाकी असते. ती मिटली की मगच दुसरा आकडा पहिल्याशी ताडायचा. मतभेद असतात ते इथे. मी पाहिलेले बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात. रंगाच्या बारा हजारांवर महिनाभर वाद चालतो, आणि मालकाची वजाबाकीच चुकली आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

सुरुवात डिपॉझिट दिलं त्या दिवसापासून करावी लागते. आपल्या बँकेचं तेव्हाचं स्टेटमेंट काढायचं आणि मालकाला काय काय गेलं ते शोधायचं. आपल्या उदाहरणात घर पसंत पडलं त्या संध्याकाळी ५,००० रुपये टोकन म्हणून यूपीआयने गेले होते. चार दिवसांनी उरलेले ७०,००० एनईएफटीने गेले. म्हणजे नोंदी दोन. करारात मात्र ७५,००० असा एकच आकडा आहे. टोकन एजंटच्या खात्यात गेलं असेल तर एजंटने ते मालकाला दिलं की स्वतःच्या दलालीत वळतं केलं, याचा खुलासा तेव्हाच लेखी घेतलेला बरा. दोन वर्षांनी एजंटला ते आठवत नाही. करार नव्याने केला असेल तर आणखी एक गोष्ट पाहायची. जुनं डिपॉझिट पुढे चालू ठेवलं, वर काही वाढवलं, तर नव्या करारात एकूण रक्कम आणि ती कोणत्या व्यवहारांनी दिली याचा उल्लेख हवा. नव्या करारात चुकून फक्त वाढीव रक्कम लिहिली गेली, तर आधीच्या रकमेसाठी जुना करार आणि जुनं स्टेटमेंट हाच आधार उरतो. म्हणून नवा करार झाला तरी जुना फेकून द्यायचा नाही.

करारात डिपॉझिट कमी दाखवायची पद्धतही दिसते. प्रत्यक्ष घेतले ७५,०००, लिहिले २५,०००. ‘स्टॅम्प ड्युटी वाचते’ असं कारण सांगितलं जातं. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सच्या कराराला एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागतं. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दर वर्षी दहा टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळवतात आणि त्यावर तोच पाव टक्का लागतो. ७५,००० चे दहा टक्के ७,५००, त्याचा पाव टक्का एकोणीस रुपये. पूर्ण रक्कम दाखवली तरी वर्षाला फरक वीस रुपयांच्या आतला. त्यासाठी पन्नास हजारांचा लेखी पुरावा सोडून देणं मला कुठल्याच बाजूने पटत नाही. तसं झालंच असेल, तर बँकेतली नोंद आणि त्या दिवशीचा मालकाचा ‘डिपॉझिट मिळालं’ असा मेसेज, हे दोन्ही जपून ठेवायचे. रोखीने दिलं असेल तर सही केलेली पावती हवी.

आता परत आलेल्या पैशांकडे वळू. ‘ट्रान्सफर केले’ या मेसेजसोबत बहुधा एक स्क्रीनशॉट येतो. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे जमा झाल्याचा पुरावा नव्हे. त्यावर ‘प्रोसेसिंग’ लिहिलेलं असू शकतं, पुढच्या तारखेला शेड्यूल केलेला व्यवहार असू शकतो. म्हणून मालकाकडे व्यवहाराचा यूटीआर क्रमांक मागायचा आणि तो आपल्या स्टेटमेंटमध्ये शोधायचा. एनईएफटीचा हा क्रमांक अक्षरं आणि आकडे मिळून सोळा खुणांचा असतो, यूपीआयचा व्यवहार क्रमांक बारा आकडी असतो. नुसती रक्कम जुळून भागत नाही. त्याच आठवड्यात तुमच्या खात्यात तेवढीच दुसरी रक्कम आली असेल तर गफलत होते.

पैसे वाटेत अडकले असं मालक म्हणाला तर किती वाट पाहायची? डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी दिवसाचे चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते. दर अर्ध्या तासाला एक फेरी, दिवसाला ४८. ज्या फेरीत व्यवहार गेला ती पूर्ण झाल्यापासून दोन तासांत पैसे समोरच्या खात्यात जमा व्हायला हवेत, नाहीतर पाठवणाऱ्या बँकेकडे परत जायला हवेत. त्यामुळे ‘एनईएफटी आहे, तीन-चार दिवस लागतात’ हे कारण आज टिकत नाही. दुसऱ्या दिवशीही पैसे दिसले नाहीत तर शक्यता मोजक्याच उरतात. व्यवहार झालाच नाही, खाते क्रमांक किंवा आयएफएससी चुकला म्हणून पैसे परत गेले, किंवा चुकलेला क्रमांक खरोखर दुसऱ्या कोणाचा तरी निघाला आणि पैसे त्याच्याकडे गेले. एनईएफटीत रक्कम जमा होते ती खाते क्रमांकावरून. नाव जुळतं का हे बँकेने तपासलंच असेल असं धरून चालायचं नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार एप्रिल २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पाहण्याची सोय बँकांनी द्यायची आहे. मालकाला ती वापरायला सांगावी. आपण खात्याचा तपशील पाठवताना फोनवर आकडे सांगू नयेत, रद्द केलेल्या चेकचा फोटो पाठवावा.

पैसे तुकड्यातुकड्यांनी येतात तेव्हा वेगळी काळजी घ्यावी लागते. नवं खातं जोडल्यावर पहिल्या दिवशी पाठवायच्या रकमेवर बऱ्याच बँका मर्यादा घालतात. मालक आधी एक रुपया पाठवून खातं तपासतो, मग थोडे आज, थोडे उद्या. हे सगळे तुकडे तारखेसह एका कागदावर लिहून त्यांची बेरीज करायची. पाठवणाऱ्याचं नावही पाहायचं. मालक परदेशात असेल तर पैसे अनेकदा त्याच्या आईच्या किंवा भावाच्या खात्यातून येतात आणि स्टेटमेंटमध्ये अनोळखी नाव दिसतं. अशा वेळी ‘अमुक तारखेला अमुक नावाने आलेली रक्कम डिपॉझिटपोटीच आहे ना?’ असं लिहून विचारावं आणि होकार घ्यावा. चार मुलं मिळून राहत असतील तर डिपॉझिट चौघांनी भरलेलं असतं आणि परत येतं एकाच्या खात्यात. तिथे मालकाचा हिशोब आणि आपसातला हिशोब वेगळे ठेवावे लागतात.

आपल्या उदाहरणात ४६,४५० रुपये एकाच एनईएफटीने, मालकाच्याच नावाने आले आहेत. आता पहिली तुलना. मालकाने सांगितलेल्या वजावटींची बेरीज करू: १२,०००, ३,०००, २,१५०, २,४०० आणि ४,०००. एकूण २३,५५०. सगळ्या वजावटी जशाच्या तशा मान्य केल्या तरी ७५,००० मधून उरतात ५१,४५०. आले आहेत ४६,४५०. बरोबर ५,००० रुपये कमी.

फरक निघाला की तोच आकडा आपल्या कागदांत कुठे दिसतो का ते पाहायचं. इथे तो टोकनचा आहे. मालकाने हिशोब करताना बँकेतली ७०,००० ची मोठी नोंद पाहिली, ती वजाबाकीला घेतली, यूपीआयचे पाच हजार त्याच्या नजरेतून सुटले. फरक एका महिन्याच्या भाड्याएवढा असेल तर शेवटच्या महिन्याचं भाडं दोनदा धरलं गेलं आहे का ते पाहावं. फरक एखाद्या वजावटीएवढाच असेल तर ती वजावट दोनदा झाली असेल. अशा फरकामागे लबाडी असतेच असं नाही, बहुतेक वेळा ती घाईच असते. म्हणून पहिला मेसेज शांत आणि फक्त एवढ्यापुरताच असावा: ‘तुमच्या यादीची बेरीज २३,५५० होते. ७५,००० मधून ५१,४५० उरतात. खात्यात ४६,४५० आले. अमुक तारखेला यूपीआयने दिलेलं ५,००० टोकन हिशोबात राहिलं असावं, सोबत नोंद जोडली आहे. वजावटींबद्दल वेगळं लिहिते.’ हे पाच हजार मागताना रंगाचा विषय काढायचा नाही. मालकाने स्वतः लिहिलेल्या आकड्यांवरूनच ही मागणी उभी आहे, त्यामुळे नाही म्हणायला त्याच्याकडे आधार नसतो. रंगाचा वाद त्यात घुसला की हे सरळ पैसेही अडकतात.

दुसऱ्या तुलनेसाठी करार उघडावा लागतो. महाराष्ट्रात ऑनलाइन नोंदणी होणाऱ्या बहुतेक करारांचा साचा सारखाच असतो. डिपॉझिटबद्दलच्या कलमात ते बिनव्याजी आहे आणि घराचा रिकामा ताबा दिला की थकबाकी वा नुकसान असल्यास ते वळतं करून परत करायचं आहे, अशा अर्थाचं वाक्य असतं. दुसरीकडे घर वापरण्याबद्दलच्या कलमात भाडेकरूने नुकसान करू नये, नेहमीच्या वापराने होणारी झीज मात्र त्यातून वगळलेली, असं लिहिलेलं असतं. वीजबिल भाडेकरूचं, सोसायटीचा मेंटेनन्स मालकाचा, नोटीस किती दिवसांची, लॉक-इन किती महिन्यांचा, हेही असतं. शेवटी घरातल्या वस्तूंची यादी असते. मालकाची प्रत्येक वजावट यातल्या एखाद्या वाक्यावर उभी राहिली पाहिजे. करारानंतर मेसेजवर काही ठरलं असेल तर तेही ठरलेल्या अटींतच मोडतं, मग ते आपल्या बाजूचं असो वा विरुद्ध.

नोटिशीपासून सुरू करू, कारण ही वजावट योग्य आहे. करारात एक महिन्याची लेखी नोटीस आहे. भाडेकरूने ५ जूनला ईमेल केला, म्हणजे मुदत ५ जुलैला संपत होती. घर ३० जूनला सोडलं. पाच दिवस कमी पडले. महिन्याचे तीस दिवस धरले तर रोजचे ८०० रुपये, पाच दिवसांचे ४,०००. हे मान्य करावं. नवीन भाडेकरू जुलैच्या पहिल्याच दिवसांत आला असेल, तर मालकाला त्या दिवसांचं भाडं दोनदा मिळालं, आणि विनंती म्हणून तो मुद्दा जरूर मांडता येतो. भारतीय करार कायद्याचं ७४ वं कलमही ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईचीच भाषा करतं. पण थोड्या रुपयांसाठी इथे ताकद घालवण्यात अर्थ नाही.

क्लीनिंगचे ३,००० करारात कुठेच नाहीत. पण घर सोडण्याच्या आदल्या दिवशी भाडेकरूने मालकाला लिहिलं होतं, ‘सामानाच्या गडबडीत घर नीट साफ करता येणार नाही, क्लीनिंगचे डिपॉझिटमधून घ्या.’ हा मेसेज म्हणजे कबुली. बिल मागावं, पण वजावट मान्य करावी.

रंगाची वजावट सगळ्यात जास्त वादाची. ‘घर सोडताना पेंटिंगचे घेतोच’ हा रिवाज इतका रुळला आहे की तो कायदाच आहे असं अनेकांना वाटतं. तसा कायदा नाही. करारात ‘घर सोडताना रंगकामाचे अमुक रुपये कापले जातील’ असं वाक्य असेल तर ती वजावट ठरलेली आहे, आणि सही केल्यावर तक्रार करता येत नाही. आपल्या उदाहरणात असं वाक्य नाही, झीज वगळून नुकसानभरपाई एवढंच आहे. दोन वर्षांत रंग फिका पडणं, स्विचच्या कडेला हाताचे डाग, कपाटामागे उमटलेली रेघ, ही झीज. मुलाने बेडरूमच्या भिंतीवर खडूने काढलेली चित्रं आणि टीव्हीसाठी ड्रिलने पाडलेली भोकं हे मात्र नुकसान आहे आणि भाडेकरूने ते मोकळेपणाने मान्य करावं. तेव्हा प्रश्न उरतो तो त्या एका भिंतीच्या खर्चाचा. रंगाऱ्याने लांबी भरून ती भिंत रंगवायचे २,५०० सांगितले असं धरू. संपूर्ण घराचे १२,००० भाडेकरूवर लावता येत नाहीत, उरलेले ९,५०० वादात राहतात. घर प्रत्यक्षात रंगवलं गेलं का, हाही रास्त प्रश्न आहे. बिल मागितलं की त्याचं उत्तर मिळतं.

इथे राहायला आल्या दिवसाचे फोटो कामी येतात. आधीच्या भाडेकरूने भिंती कशा ठेवल्या होत्या ते त्याशिवाय सिद्ध होत नाही. नुसत्या फोटोंपेक्षा पहिल्या आठवड्यात मालकाला पाठवलेले फोटो जास्त मोलाचे. मेसेजवर तारीख असते आणि मालकाने तेव्हा आक्षेप घेतलेला नसतो. घर सोडताना त्याच जागांचे, त्याच बाजूने पुन्हा फोटो काढावेत. शक्यतो मालकासोबत घरातून फेरी मारून, काय बिघडलं आहे ते दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

गीझरचे २,४०० कशाचे, तर आतली कॉइल जळाली. गीझर करारातल्या यादीत आहे, म्हणजे तो मालकाचा. तो आठ वर्षं जुना आहे आणि सोसायटीत उन्हाळाभर टँकरचं, बोअरचं पाणी येतं. जड पाण्याने कॉइलवर क्षारांचा थर साचतो, उष्णता बाहेर जात नाही आणि कॉइल जळते. ही वयाची झीज. गीझर पाण्याविना चालू ठेवला किंवा आदळून फोडला असता तर गोष्ट वेगळी. दुरुस्तीवाल्याच्या बिलावर कारण लिहिलेलं असतं, ते वाचावं. काही करारांत ‘किरकोळ दुरुस्ती अमुक रकमेपर्यंत भाडेकरूने करावी’ असं असतं. इथे नाही, म्हणून पूर्ण २,४०० वादात.

वीजबिलाची वजावट तत्त्वतः बरोबर, रकमेत चुकलेली. महावितरणचं बिल १० जून ते १० जुलै या काळाचं आहे. युनिट १८०, रक्कम २,१५०. आधीच्या बिलावर मीटरचं रीडिंग १४,३२० होतं. ३० जूनला चावी देताना भाडेकरूने मीटरचा फोटो काढला, त्यात १४,४४० दिसतं. नव्या बिलावर १४,५००. म्हणजे त्यांचे युनिट १२०, आणि १ ते १० जुलै या दहा दिवसांत ६०. रिकाम्या घरात साठ युनिट जळत नाहीत, म्हणजे घर तोवर वापरात आलं होतं. युनिटच्या प्रमाणात भाडेकरूचा वाटा दोन तृतीयांश, साधारण १,४३०. स्थिर आकार महिन्याचा असतो आणि शंभर युनिटांनंतर दर चढतो, त्यामुळे हे गणित पैशापर्यंत अचूक नाही, पण तडजोडीला पुरेसं आहे. वादात उरले ७२०. मालकाची बाजूही समजून घ्यायला हवी. भाडेकरू गेल्यावर येणारं बिल त्यालाच भरावं लागतं आणि कधी कधी दोन-तीन महिन्यांची थकबाकी निघते. म्हणून बिलापुरते पैसे त्याने राखून ठेवणं गैर नाही. त्या बिलासाठी संपूर्ण डिपॉझिट अडवून ठेवणं गैर आहे.

आता बेरीज. मान्य वजावटी: रंग २,५००, क्लीनिंग ३,०००, वीज १,४३०, नोटीस ४,०००. एकूण १०,९३०. परत यायला हवे होते ६४,०७०. आले ४६,४५०. फरक १७,६२०. त्यातले ५,००० वजाबाकीच्या चुकीचे, आणि १२,६२० कराराच्या अर्थावरच्या मतभेदाचे. मेसेज आला तेव्हा मनात नुसतीच कुरकुर होती. आता दोन स्पष्ट आकडे हातात आहेत आणि प्रत्येकामागे एक कागद आहे.

दुसरं पत्र या १२,६२० बद्दल. प्रत्येक वजावटीसमोर किती मान्य, किती अमान्य, करारातलं कोणतं कलम आणि सोबत कोणता फोटो, एवढंच लिहायचं. आणि एक काळजी घ्यायची. काही मालक पैसे पाठवताना किंवा नंतर ‘सगळा हिशोब पूर्ण झाला असं लिहून पाठवा’ म्हणतात. आलेली रक्कम स्वीकारल्याने उरलेल्यावरचा हक्क जात नाही, पण ‘पूर्ण आणि अंतिम मिळाले’ असं लिहून दिलं तर पुढची मागणी फार कमकुवत होते. ‘४६,४५० मिळाले, उरलेल्या हिशोबाबद्दल माझं म्हणणं कायम आहे’ असं लिहावं.

उत्तर आलं नाही तर तेच पत्र पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टने, मग वकिलाची नोटीस. दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. पण साडेबारा हजारांसाठी दावा लावला तर खर्च रकमेच्या वर जातो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाव्याआधीच्या तडजोडीचा अर्ज करता येतो, अशा रकमेसाठी मला तो मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो. पोलीस ठाण्यात गेलं तर बहुधा ‘हा दिवाणी मामला आहे’ असंच ऐकायला मिळतं. मालकाने चेक दिला आणि तो वटला नाही तर मात्र गोष्ट गंभीर होते. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या १३८ व्या कलमाखाली, चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार करता येते. या तारखा चुकवायच्या नाहीत.

‘डिपॉझिट मिळेपर्यंत चावीच देणार नाही’ असा सल्ला भाडेकरूंना सर्रास दिला जातो. करारात तशी मुभा लिहिलेली नसेल तर तो धोक्याचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या २४ व्या कलमाप्रमाणे मुदत संपल्यावर ताबा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. २४,००० च्या घरात ती महिन्याला ४८,००० होते, म्हणजे दोन महिन्यांत डिपॉझिटहून जास्त. त्याऐवजी चावी आणि ट्रान्सफर एकाच भेटीत करायचं आधीच ठरवावं. मालकाने समोर बसून व्यवहार करायचा, आपण आपल्या ॲपमध्ये जमा झालेलं पाहायचं, वीजबिलापुरते दोन-तीन हजार मागे ठेवायला मोकळ्या मनाने मान्यता द्यायची आणि ते कधी परत येतील ती तारीख लिहून घ्यायची.

आणि मालक म्हणाला, ‘पेंटिंगचं आपलं तोंडी ठरलं होतं,’ तर? आधी करार नोंदलेला आहे का पाहावं. त्याच कायद्याचं ५५ वं कलम लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक करतं आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकते. नोंदणीकृत लेखी करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे.

मालक असाल तर वजावटीचा मेसेज पाठवताना प्रत्येक रकमेसोबत बिलाचा फोटो आणि शेवटी यूटीआर क्रमांक जोडा. भाडेकरू असाल तर घर सोडायची वाट न पाहता करार आजच उघडा, डिपॉझिटचं कलम वाचा, पैसे दिल्याच्या नोंदी शोधून करारासोबत ठेवा आणि चावी द्याल त्या दिवशी मीटरचा फोटो काढायला विसरू नका.